लोगोस: शब्द, हिशेब, प्रमाण, विवेक. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीक तत्त्वज्ञान मराठीतून वाचायला लागलं की काही पानांतच 'लोगोस' समोर येतो. एका पुस्तकात तो 'शब्द' असतो, दुसऱ्यात 'विवेक', तिसऱ्यात 'विश्वनियम'. गणिताच्या इतिहासात तोच 'गुणोत्तर' होतो. हे सगळे अर्थ एकाच शब्दाचे कसे, आणि भाषांतरकारांना तो इतका जड का जातो, याविषयी वाचक जे प्रश्न विचारतात त्यांची ही उत्तरं. सगळ्यात जास्त जागा हेराक्लिटसला दिली आहे, कारण खरी अडचण तिथे उघड दिसते.

लोगोसचा अर्थ एका वाक्यात सांगता येईल का?

नीट जुळवून मांडलेलं बोलणं, आणि 'असं का म्हणतोस?' असं कुणी विचारलं तर ज्याचं उत्तर देता येतं असं बोलणं. मला यापेक्षा जवळचं वाक्य सापडलेलं नाही, पण हे वाक्यही सगळीकडे लागू पडत नाही.

प्राचीन ग्रीकचा सर्वांत प्रसिद्ध इंग्रजी कोश म्हणजे लिडेल आणि स्कॉट यांचा. त्यात लोगोसच्या नोंदीचे दहा मोठे विभाग आहेत. पहिला विभाग 'शब्द' या अर्थाचा नाही, तो हिशेबाचा आणि मोजणीचा आहे. त्यानंतर प्रमाण, मग कारणमीमांसा, मग मनातल्या मनात चालणारा विचार, मग कथन, असं करत करत शेवटी ख्रिस्ती धर्मग्रंथातला अर्थ येतो. 'एक सुटा शब्द' या अर्थाने लोगोस क्वचितच वापरला जातो, असंही तिथे म्हटलं आहे. मराठीत मात्र आपण त्याला सर्रास 'शब्द' म्हणतो.

मोजणीचा आणि बोलण्याचा संबंध कुठून आला?

लोगोस हे नाम 'लेगेइन' या क्रियापदावरून आलं आहे. पुढच्या काळात लेगेइन म्हणजे 'बोलणे, सांगणे', पण त्याचा जुना अर्थ 'वेचणे, गोळा करणे' असा आहे. 'इलियड'च्या २३व्या सर्गात पॅट्रोक्लसची चिता विझल्यावर अकिलीस म्हणतो, आता आपण त्याच्या अस्थी वेचूया. तिथलं क्रियापद हेच. 'ओडिसी'च्या चौथ्या सर्गात समुद्रातला म्हातारा प्रोटियस किनाऱ्यावर पडलेले आपले सील मोजतो. त्यांच्यात मेनेलाउस आणि त्याचे साथीदार सीलची कातडी पांघरून लपलेले असतात, आणि म्हातारा मोजताना पहिल्यांदा त्यांनाच धरतो. तिथेही क्रियापद लेगेइनच आहे.

वेचायचं म्हणजे एकेक उचलायचं. एकेक उचलताना मोज होतेच. आणि एकेक करून तोंडाने सांगत गेलं की ते कथन होतं. मराठीत हा प्रवास परका वाटायला नको. आपण 'तक्रारींचा पाढा वाचला' म्हणतो तेव्हा आकड्यांच्या पाढ्यावरून सांगण्याकडेच गेलेलो असतो. लॅटिनमध्ये याच मुळापासून आलेलं 'लेगेरे' हे क्रियापद 'वेचणे' आणि 'वाचणे' असे दोन्ही अर्थ देतं.

होमरमध्ये 'लोगोस' हे नाम फार विरळ आहे. दोन्ही महाकाव्यांत मिळून ते दोनदाच येतं, तेही अनेकवचनात. एकदा पॅट्रोक्लस जखमी मित्राचं मन बोलण्याने रमवत असतो, आणि दुसऱ्यांदा कॅलिप्सो ओडिसियसला गोड बोलून घर विसरायला लावत असते. बोलण्यासाठी होमरचे नेहमीचे शब्द 'एपोस' आणि 'मुथोस' आहेत.

म्हणजे लोगोसचा खरा अर्थ 'हिशेब' का?

'खरा' म्हणणार नाही, पण भाषांतर करताना सगळ्यात आधी आठवावा असा अर्थ हाच आहे. अथेन्समध्ये अधिकाऱ्याची मुदत संपली की त्याला पैशांचा हिशेब द्यावा लागे. तो तपासणाऱ्यांना 'लोगिस्ताई' म्हणत. 'लोगोन दिदोनाई', शब्दशः 'लोगोस देणे', हा तिथला रोजचा वाक्प्रयोग होता. सॉक्रेटिस समोरच्याला विचारतो, तू धैर्य म्हणतोस ते काय आहे, त्याचा लोगोस दे. तेव्हा तो बाजारातला आणि कचेरीतला शब्दच उचलत असतो. 'तुझ्या मताचा हिशेब दे' हे मराठी वाक्य इथे जवळजवळ जसंच्या तसं बसतं. 'व्याख्या सांग' हे शाळेतलं भाषांतर बरोबर असलं तरी त्यात जाब विचारण्याची धार राहत नाही.

हिशेबातूनच 'किंमत' हा अर्थ निघतो. ज्याची मोजणी होते तो महत्त्वाचा. कॅलिमॅकसच्या एका छोट्या कवितेत प्रियकर आपल्या शपथा विसरून दुसरीकडे वळतो, आणि कवी म्हणतो, त्या बिचारीला मेगाराच्या लोकांप्रमाणे आता ना लोगोस आहे ना संख्या. मराठीत याला तयार शब्द आहे: ती त्याच्या खिजगणतीतही नाही. खिजगणतीतही गणतीच आहे.

गणितात लोगोसचा अर्थ काय?

प्रमाण किंवा गुणोत्तर. युक्लिडच्या पाचव्या पुस्तकातली तिसरी व्याख्या सांगते की एकाच जातीच्या दोन राशींमधला आकारमानाचा संबंध म्हणजे लोगोस. दोन लोगोस सारखे असले की ती 'आनालोगिया'. ज्या रेषेचं प्रमाण मांडता येत नाही ती 'आलोगोस', म्हणजे लोगोस नसलेली.

रोमन लोकांनी इथे लोगोससाठी 'रातिओ' घेतला. त्याचं मूळही मोजण्याच्या, हिशेबाच्या क्रियापदात आहे आणि त्यालाही 'विवेकबुद्धी' असा अर्थ आहे. त्यामुळे युरोपीय भाषांत गणितातलं गुणोत्तर आणि माणसाची बुद्धी एकाच घरात राहिली. मराठी पाठ्यपुस्तकातला 'अपरिमेय' हा शब्द 'मोजता न येणारी' एवढंच सांगतो, त्यात बुद्धीचा मागमूस नाही.

पण मराठीत 'प्रमाण' हा शब्द आहे, आणि तो या बाबतीत फार कामाचा आहे. दुधात पाण्याचं प्रमाण असतं आणि न्यायशास्त्रात प्रत्यक्ष, अनुमान ही प्रमाणं असतात. मोजमाप आणि ज्ञानाचा आधार, दोन्ही एकाच शब्दात. लोगोसच्या भाषांतराच्या चर्चेत 'प्रमाण'चा विचार व्हायला हवा तितका होत नाही, असं मला वाटतं.

ग्रीकमध्ये 'शब्द'ला मग काय म्हणतात?

नावाला 'ओनोमा', उच्चारलेल्या बोलाला 'ऱ्हेमा', काव्यातल्या बोलाला 'एपोस', शब्दयोजनेला किंवा शैलीला 'लेक्सिस'. व्याकरणात सुट्या शब्दासाठी लोगोस चालत नाही. तिथे लोगोस म्हणजे पूर्ण वाक्य किंवा त्याहून मोठं काही.

हिरोडोटस आपल्या इतिहासातल्या मोठ्या प्रकरणांना लोगोस म्हणतो. इजिप्तविषयीचा एक लोगोस, लिबियाविषयीचा दुसरा. सातव्या पुस्तकात तो सांगतो, लोक जे सांगतात ते सांगणं माझं काम आहे, पण सगळ्यावर विश्वास ठेवणं माझ्यावर बंधनकारक नाही, आणि हे माझं म्हणणं माझ्या प्रत्येक लोगोसला लागू समजावं. इथे मराठीत 'गोष्ट' किंवा 'हकिगत' हेच शब्द शोभतात. 'शब्द' लिहिलं तर वाक्याला काही अर्थच उरत नाही.

ॲरिस्टॉटलने माणसाला 'विवेकशील प्राणी' म्हटलं ते याच शब्दावरून ना?

हो, पण मूळ वाक्य अधिक मोकळं आहे. 'पॉलिटिक्स'च्या पहिल्या पुस्तकात तो म्हणतो की प्राण्यांमध्ये लोगोस फक्त माणसाकडे आहे. लगेच तो लोगोस आणि 'फोने' म्हणजे आवाज यांत फरक करतो. आवाज इतर जनावरांनाही आहे, त्याने दुःख आणि सुख कळवता येतं. लोगोस हा हिताचं आणि अहिताचं, न्याय्य आणि अन्याय्य काय ते दाखवण्यासाठी आहे, आणि अशा गोष्टींत भागीदारी असल्यामुळेच घर आणि नगर उभं राहतं.

या उताऱ्यात बोलणं आणि विचार वेगळे काढता येत नाहीत. लॅटिन परंपरेने 'रातिओ'वाला अर्थ पुढे नेला, 'विवेकशील प्राणी' ही व्याख्या रूढ झाली, आणि बोलणं मागे पडलं. मराठीत आपण 'मुकं जनावर' म्हणतो तेव्हा त्याला आवाज नसतो असं आपल्याला म्हणायचं नसतं. आपलं म्हणणं त्याला मांडता येत नाही, एवढंच असतं. ग्रीकमध्ये जनावराला 'आलोगोन' म्हणत, आणि आजच्या ग्रीक भाषेत 'आलोगो' म्हणजे सरळ घोडा.

इथे 'शब्द' हे भाषांतर आणखी एका कारणाने अडचणीचं आहे. संस्कृतात 'शब्द'चा अर्थ ध्वनी असाही होतो. न्याय आणि वैशेषिक दर्शनांत शब्द हा आकाशाचा गुण आहे, आणि ढोलाचा आवाजही त्यात येतो. ॲरिस्टॉटल ज्या दोन गोष्टी वेगळ्या करतोय, त्या दोन्ही 'शब्द'च्या पोटात पुन्हा एक होतात.

हेराक्लिटसचा लोगोस इतका वादाचा का?

कारण तो या शब्दाचे अनेक अर्थ वापरतो, कुठला कुठे ते सांगत नाही, आणि बहुधा त्याला ते सांगायचंही नाही. इफेससचा हा विचारवंत इ.स.पू. ५००च्या आसपासचा. त्याचं लिखाण अखंड उरलेलं नाही. नंतरच्या लेखकांनी उद्धृत केलेली शंभरहून जास्त वचनं तेवढी आहेत, आणि हेरमान डील्स यांनी त्यांना दिलेले क्रमांक आजही वापरले जातात.

आधी सोपी ठिकाणं पाहू. ३९व्या वचनात तो म्हणतो, प्रिएने गावात ट्युटामेसचा मुलगा बियास होऊन गेला, त्याचा लोगोस इतरांपेक्षा मोठा. इथे किंमत, नाव, मान. ८७वं वचन: मूर्ख माणूस प्रत्येक लोगोसने हुरळून जातो. इथे बोलणं, कानावर आलेली गोष्ट. ३१वं वचन समुद्राविषयी आहे: पृथ्वी होण्यापूर्वी जो लोगोस होता त्याच लोगोसने समुद्र मोजला जातो. इथे 'प्रमाण'शिवाय दुसरा अर्थ बसतच नाही, कारण शेजारी 'मोजणे' हे क्रियापद आहे. म्हणजे एकाच लेखकाच्या तीन वचनांत मान, बोलणं आणि प्रमाण. इथपर्यंत भाषांतरकार प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द घेऊन सुटू शकतो.

पहिल्या वचनात तसं सुटता येत नाही. त्याचं पुस्तक याच वाक्याने सुरू होत होतं, असं ॲरिस्टॉटल सांगतो. मी ते असं मराठीत आणतो:

'हा लोगोस असा असताना सदैव माणसं अडाणीच राहतात, तो ऐकण्यापूर्वी आणि एकदा ऐकल्यावरही. सगळं या लोगोसप्रमाणेच घडतं, तरी जे बोल आणि ज्या कृती मी मांडतो, एकेक गोष्ट तिच्या स्वभावाप्रमाणे वेगळी करून ती कशी आहे ते सांगतो, त्यांचा अनुभव घेतानाही माणसं अननुभवी असल्यासारखीच वागतात.'

'ऐकण्यापूर्वी आणि ऐकल्यावर' या शब्दांवरून लोगोस म्हणजे हेराक्लिटसचं भाषण, त्याचं पुस्तक. त्या काळात गद्य ग्रंथाची सुरुवात 'हा अमुक विषयावरचा लोगोस' अशा धर्तीने करणं ओळखीचं होतं, त्यामुळे श्रोत्याला तेच वाटणार. पण पुढच्याच वाक्यात 'सगळं या लोगोसप्रमाणे घडतं' असं येतं. जग एका माणसाच्या भाषणाप्रमाणे चालत नाही. म्हणजे श्रोत्याच्या कानातला शब्द वाक्य पुढे सरकताना बदलतो: आधी बोलणं, मग त्या बोलण्यात सांगितलेली जगाची घडण. हा बदल घडावा म्हणूनच हेराक्लिटसने एकच शब्द ठेवला आहे, असं मला ठामपणे वाटतं. भाषांतरकाराने पहिल्या जागी 'माझं म्हणणं' आणि दुसऱ्या जागी 'विश्वनियम' लिहिलं, तर दोन्ही वाक्यं समजतात आणि मूळ विचार हरवतो. दोन्हीकडे 'नियम' लिहिलं तर नियम ऐकणार कसा? दोन्हीकडे 'शब्द' लिहिलं तर शब्दाप्रमाणे जग का घडावं, हे धर्मग्रंथाचा आधार घेतल्याशिवाय कळत नाही, आणि तो आधार हेराक्लिटसच्या काळात नव्हता.

याच वाक्यात आणखी एक गाठ आहे. 'सदैव' हा शब्द लोगोसला लागतो की माणसांच्या अडाणीपणाला? हा लोगोस सदैव आहे, की माणसं सदैव अडाणी आहेत? ॲरिस्टॉटलने 'ऱ्हेटोरिक'च्या तिसऱ्या पुस्तकात नेमका हाच मुद्दा मांडला आहे, की इथे विराम कुठे द्यावा ते कळत नाही. वर मी 'सदैव' मुद्दाम मधोमध ठेवला आहे. मराठीत शब्दक्रम लवचीक असल्यामुळे हे जमतं, पुष्कळ भाषांत जमत नाही.

शेवटी ५०वं वचन: 'माझं नव्हे, लोगोसचं ऐकून, सगळं एक आहे असं होमोलोगेइन करणं शहाणपणाचं.' होमोलोगेइन म्हणजे कबूल करणं, पण शब्द फोडला तर 'तोच लोगोस म्हणणं'. लोगोस ऐकायचा आणि तेच आपण म्हणायचं. मराठीत 'लोगोसच्या सुरात सूर मिळवून' असं म्हटलं तर अर्थ पोचतो, पण दोन शब्दांचं नातं कानाला ऐकू येत नाही. ते ऐकवण्याचा मार्ग मला सापडलेला नाही. शिवाय हे वचन ज्या हस्तलिखितातून आपल्यापर्यंत आलं त्यात 'लोगोस'च्या जागी 'दोग्मा', म्हणजे मत, असा शब्द आहे. १९व्या शतकात याकोब बेर्नाईस यांनी तिथे लोगोस अशी दुरुस्ती सुचवली आणि अभ्यासकांनी ती स्वीकारली. होमोलोगेइनशी जुळणारा शब्द तोच आहे, म्हणून ती पटते.

ग्रीकांना स्वतःला ही अडचण जाणवत होती का?

जाणवत होती, आणि प्लेटोच्या 'थिएटेटस' या संवादात ती स्पष्ट दिसते. तिथे ज्ञानाची एक व्याख्या तपासली जाते: खरं मत आणि त्याच्यासोबत लोगोस, म्हणजे ज्ञान. सॉक्रेटिस विचारतो, इथे लोगोस म्हणजे नेमकं काय?

पहिला पर्याय, मनातला विचार आवाजात मांडणं. पण तसं तर जो बोलू शकतो त्या प्रत्येकालाच येतं. दुसरा पर्याय, वस्तूचे घटक एकेक करून मोजून सांगणं. इथे तो हेसियडच्या गाडीचं उदाहरण घेतो. हेसियड म्हणतो, गाडीला शंभर लाकडं लागतात. आपण सामान्य माणसं चाकं, आस, साटा, कठडे, जू एवढं सांगून समाधान मानतो. शंभर लाकडं क्रमाने सांगणाऱ्याकडे गाडीचा लोगोस आहे. पण एखादा मुलगा एका नावातली अक्षरं बरोबर सांगतो आणि तीच अक्षरं दुसऱ्या नावात चुकवतो. म्हणजे यादी बरोबर सांगता आली तरी ज्ञान असेलच असं नाही. तिसरा पर्याय, ती वस्तू इतर सगळ्यांहून कशी वेगळी ते दाखवणारी खूण. सूर्य म्हणजे पृथ्वीभोवती फिरणाऱ्या आकाशस्थांपैकी सर्वांत तेजस्वी. हाही पर्याय टिकत नाही, कारण ती खूण आधीच माहीत नसेल तर आपण सूर्याविषयी मत तरी कसं बनवणार? संवाद उत्तराशिवाय संपतो.

दुसरा पर्याय पाहा: लाकडं एकेक करून मोजत सांगणं. वेचणे, मोजणे, सांगणे हा जुना धागा तिथे जिवंत आहे.

योहानच्या शुभवर्तमानातल्या पहिल्या ओळीचा वाद काय होता?

'प्रारंभी शब्द होता, आणि शब्द देवासह होता, आणि शब्द देव होता', असं मराठी बायबलमध्ये आहे. मूळ ग्रीकमध्ये तिन्ही ठिकाणी लोगोस. तोपर्यंत या शब्दावर बरेच थर चढले होते. स्टोइक विचारवंतांनी जगाला व्यापणाऱ्या बुद्धीला लोगोस म्हटलं होतं. हिब्रू धर्मग्रंथांच्या ग्रीक भाषांतरात 'दाबार'साठी लोगोस आला होता, आणि दाबार म्हणजे बोल, पण 'बाब, घडलेली गोष्ट' असाही. मराठी 'गोष्ट' थोडी अशीच आहे: गोष्ट सांगतात, आणि 'ही गोष्ट खरी' असंही म्हणतात. तेहतिसाव्या स्तोत्रात परमेश्वराच्या शब्दाने आकाश निर्माण झालं असं आहे, तिथल्या ग्रीक भाषांतरातही लोगोसच.

लॅटिनमध्ये खरा झगडा झाला. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला ख्रिस्ती लेखक टर्टुलियन लिहितो की आपले लोक लोगोसचं भाषांतर 'सेर्मो' करतात, म्हणजे संभाषण, भाषण. पण देवापाशी आधी 'रातिओ' होती असं मानणं जास्त योग्य. पुढे 'वेर्बुम', म्हणजे शब्द, रूढ झाला आणि हजार वर्षं टिकला. विद्वान भाषांतरकार इरॅस्मसने नव्या कराराच्या १५१६च्या आपल्या आवृत्तीत तो तसाच ठेवला, पण १५१९च्या दुसऱ्या आवृत्तीत बदलून 'सेर्मो' केलं. मोठा गदारोळ झाला. त्याने उत्तर म्हणून स्वतंत्र पुस्तिका लिहिली. त्याचं म्हणणं असं की वेर्बुम म्हणजे एक सुटा शब्द, आणि लोगोस म्हणजे सलग बोलणं. शिवाय जुने धर्मगुरू सेर्मो वापरतच होते. भाषेच्या दृष्टीने त्याचं बरोबर होतं. तरी उपासनेत शतकानुशतकं म्हटलेली ओळ बदलणं लोकांना सहन झालं नाही, आणि वेर्बुमच टिकला.

इतर भाषांनी काय केलं?

चिनी भाषेतल्या १९१९च्या प्रसिद्ध भाषांतरात 'ताओ' आहे. त्याचा अर्थ वाट, आणि जुन्या चिनीत 'बोलणे' असाही. कार्ल गुट्झलाफने १८३७ साली सिंगापुरात छापलेल्या जपानी भाषांतरात मदतीला तीन जहाजफुटी खलाशी होते. त्यात लोगोसच्या जागी 'काशिकोई मोनो', शहाणा असा कुणी, असं आहे. अमूर्त शब्द न सापडल्यावर त्यांनी बोलीतला माणूस उभा केला. मला हे भाषांतर फार प्रामाणिक वाटतं.

आपल्याकडे हिंदीत 'वचन' आहे, आणि संस्कृत नव्या करारात 'आदौ वाद आसीत्'. आजच्या मराठी कानाला 'वाद' म्हणजे भांडण वाटेल. पण न्यायशास्त्रात जल्प आणि वितंडा यांच्यापासून वेगळा काढलेला 'वाद' म्हणजे सत्य शोधण्यासाठी केलेली, प्रमाणांवर चालणारी चर्चा. इरॅस्मसच्या सेर्मोच्या आणि सॉक्रेटिसच्या लोगोसच्या तो खूप जवळ जातो. 'शब्द' आणि 'वचन' यांच्यापेक्षा हा पर्याय अधिक विचारपूर्वक वाटतो.

लोगोस म्हणजे आपलं शब्दब्रह्मच का?

साम्य नाकारण्याचं कारण नाही. भर्तृहरीच्या 'वाक्यपदीया'चा पहिलाच श्लोक शब्दतत्त्वाला अनादी, अविनाशी ब्रह्म म्हणतो आणि जग त्याच्यापासून उलगडतं असं सांगतो. ज्ञानेश्वरीच्या सुरुवातीला 'हें शब्दब्रह्म अशेष' म्हणून ज्ञानदेव गणेशाची मूर्ती शब्दांतूनच घडवतात. मराठी वाचकाला योहानची ओळ परकी वाटत नाही, ती यामुळे.

पण दोन्हींचं मूळ वेगळं आहे. शब्दब्रह्माचा विचार वेद, उच्चार आणि व्याकरण यांच्यातून वाढला. लोगोसचा विचार मोजणी, हिशेब आणि जाब यांच्यातून. हेराक्लिटसचा अग्नी 'मापात पेटतो आणि मापात विझतो', ३०वं वचन. लोगोसला 'शब्दब्रह्म' म्हटलं की हे माप दिसेनासं होतं. योहानमध्ये पुढे 'शब्द देही झाला' असं येतं, आणि तेही भर्तृहरीच्या विचारात बसत नाही.

मग 'लोगोस' तसाच ठेवावा हे बरं नाही का?

हेराक्लिटसच्या पहिल्या, दुसऱ्या आणि पन्नासाव्या वचनात मी तसाच ठेवेन आणि खाली टीप देईन. सगळीकडे तसा ठेवणं मात्र चुकीचं आहे. ग्रीक माणसाला हा शब्द रोजचा होता. हिरोडोटसच्या गोष्टीला 'लिबियाविषयीचा लोगोस' म्हटलं की साधी हकिगत गूढ वाटायला लागते.

भाषांतर वाचताना किंवा करताना कुठला अर्थ आहे हे कसं ओळखायचं?

शेजारचं क्रियापद आणि शेजारचं नाम पाहा. लोगोस 'देणे' किंवा 'मागणे' असेल तर हिशेब, जाब, खुलासा. 'मोजणे', 'आकार', 'राशी' जवळ असतील तर प्रमाण. 'ऐकणे' असेल तर बोलणं, मांडणी. 'एर्गोन' म्हणजे कृती समोर उभी असेल तर 'नावाला' किंवा 'म्हणायला'. थ्युसिडिडीस दुसऱ्या पुस्तकात पेरिक्लीसच्या काळाविषयी म्हणतो, लोगोसने लोकशाही, एर्गोनने पहिल्या माणसाचं राज्य. मराठीत: 'म्हणायला लोकशाही होती, प्रत्यक्षात एका पुढाऱ्याचं राज्य'. इथे 'विवेक' लिहिला तर वाक्य उलटं होईल.

चूक झाल्याची ओळखही याच मार्गाने होते. 'विवेक' किंवा 'बुद्धी' असं भाषांतर असलेल्या वाक्यात कुणी ती 'देत' असेल, 'ऐकत' असेल किंवा ती दुसऱ्यापेक्षा 'लांब' असेल, तर मागे वेगळा लोगोस आहे असं समजून मूळ पाहावं. प्लेटोच्या संवादांत हे वारंवार घडतं, कारण तिथे लोगोस 'दिला-घेतला' जातो. अशा ठिकाणी 'हिशेब' घालून वाक्य पुन्हा वाचा. बहुतेक वेळा ते सरळ होतं. नाही झालं तर 'म्हणणं' घाला. दोन्हीही बसले नाहीत, तर लेखक ॲरिस्टॉटलनंतरचा असण्याची शक्यता बरीच आहे, आणि तिथे 'विवेक' योग्य ठरू शकतो.